पाटीवरचा दर आणि हातात पडलेला दर

प्रश्न: दोन वर्षं एका रेडिओ केंद्रात मुलाखती कापायचं काम केलं. आता पॉडकास्टचं ऑडिओ एडिटिंग फ्रीलान्स करायचं ठरवलंय. अपवर्क आणि फायव्हर या फ्रीलान्स कामांच्या साइटवर अकरा जणांची प्रोफाइलं बघून तक्ता केलाय, तो, त्यातल्या पहिल्या ओळीचा स्क्रीनशॉट आणि माझ्या वर्णनाचा मसुदाही सोबत जोडतोय. मुलाखतीचा एक भाग करायला मला साडेतीन तास लागतात आणि तासाला हातात 18 डॉलर पडले तर परवडतं. पण दर बघून डोकं गरगरतं. कुणी 15 डॉलरला करतो, कुणी तासाला 90 घेतो. सगळ्यांची सरासरी काढून त्याच्या थोडं खाली दर लावावा असा विचार आहे. माझे रिव्ह्यू शून्य आहेत, म्हणून. चालेल का? शिवाय दुसऱ्यांची प्रोफाइलं अशी उकरून बघणं मला जरा चोरीसारखं वाटतंय.

उत्तर: तक्ता पाठवलात हे बरं केलंत, नाहीतर हवेतच बोलावं लागलं असतं. सरासरी मात्र आधी खोडून टाका. तुमच्या अकरा ओळींत चार ओळी तासाच्या दराच्या आहेत, पाच एका भागाच्या, एक महिन्याच्या पॅकेजची आणि एक चक्क मिनिटाच्या हिशोबाची. मीटर, किलो आणि लिटर एकत्र करून भागाकार केला तर आकडा निघतो, पण तो कशाचाच नसतो.

चोरीचं आधी उरकून घेऊ. लोकांनी जगाला दिसावं म्हणून लावलेली पाटी वाचण्यात चोरी कसली? रेषा दोन ठिकाणी येते. कुणाचं वर्णन उचलून आपल्या प्रोफाइलवर चिकटवणं ही चोरी. आणि खोटा क्लायंट बनून "माझ्या शोसाठी कोटेशन द्या" म्हणणं ही फसवणूक, कारण त्या माणसाचा अर्धा तास तुम्ही फुकट खाता. तशी गरजही पडत नाही, लागणारी बहुतेक माहिती उघडी पडलेली असते. आणखी एक सांगून ठेवतो. या अकरा जणांपैकी कुणाशी पुढे ओळख झाली आणि "चला, सगळे मिळून याच्या खाली जायचं नाही" असं ठरायला लागलं, तर तिथून उठा. स्पर्धकांनी आपसांत दर बांधणं बऱ्याच देशांत स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध आहे आणि फ्रीलान्सर हा त्या कायद्याच्या नजरेत सहसा एक धंदाच असतो.

आता तक्ता. त्यातला दराचा रकाना बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एक काम लिहा, तुमच्याकडे जे सगळ्यात जास्त येईल असं तुम्हाला वाटतं ते. तुमच्या पत्रावरून मी असं धरतो: मुलाखतीचा भाग, कच्चं रेकॉर्डिंग 60 मिनिटं, दोन माणसं, दोन वेगळे ट्रॅक. त्यातून 40 मिनिटांचा पक्का भाग काढायचा, सुरुवातीचं आणि शेवटचं संगीत जोडायचं आणि एकदा दुरुस्ती करून द्यायची. याला आपण नमुना भाग म्हणू. आता प्रत्येक प्रोफाइल उघडून एकच प्रश्न विचारायचा: हा नमुना भाग या माणसाकडून करून घेतला तर क्लायंटच्या खिशातून किती जातील? पाटीवर काय लिहिलंय ते विसरा.

तुमची पहिलीच ओळ घ्या, 15 डॉलरवाली, जिने तुमची झोप उडवलीय. फायव्हरवर गिगच्या, म्हणजे विकायला मांडलेल्या कामाच्या, शेजारी दिसणारा आकडा "इथून पुढे" या अर्थाचा असतो. तो सगळ्यात लहान पॅकेजचा दर असतो. आत गेलात तर तीन रकाने दिसतात. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये बेसिकखाली "20 मिनिटांपर्यंत कच्चं रेकॉर्डिंग" असं आहे, स्टँडर्ड 35 डॉलर आणि 45 मिनिटांपर्यंत, प्रीमियम 60 डॉलर आणि 90 मिनिटांपर्यंत. आपलं कच्चं रेकॉर्डिंग 60 मिनिटांचं, म्हणजे आपण थेट प्रीमियममध्ये जाऊन पडलो. खाली जादा सेवांत दुसऱ्या ट्रॅकचे 10 डॉलर वेगळे आहेत. झाले 70. फायव्हर विक्रेत्याकडून 20 टक्के कापतो, म्हणजे त्याच्या हातात 56 पडतात. क्लायंटकडून प्लॅटफॉर्म आपलं शुल्क आणखी वेगळं घेतो. ज्याला तुम्ही 15 डॉलरवाला समजत होता तो तुमच्या कामाचे 70 घेतो. उलट सहाव्या ओळीतला, "एका भागाला 40" म्हणणारा, लांबीची अट घालत नाही आणि दुसऱ्या ट्रॅकचे फक्त 8 मागतो. म्हणजे खरा स्वस्त तो, 48 ला. पाटी बघून तुम्ही दोघांची जागा उलटी लावली होती.

फायव्हरवर रिव्ह्यूच्या खाली बऱ्याचदा त्या ऑर्डरच्या किमतीचा पट्टा आणि काम किती दिवसांत झालं तेही दिसतं. तो जरूर बघा. बेसिक पॅकेज नुसतं दाराला टांगलेलं आहे की लोक खरंच तेच घेतात, हे त्यावरून कळतं. तुमच्या पहिल्या ओळीच्या माणसाच्या वरच्या रिव्ह्यूंमध्ये 50 ते 100 चा पट्टा पुन्हा पुन्हा दिसतोय, म्हणजे आपले 70 बरोबर बसतात.

अपवर्कवर गंमत वेगळी आहे. तिथे नावाखाली तासाचा दर असतो, तो माणसाने स्वतः टाकलेला. तो त्याला मिळतो असं नाही, त्याला मिळावासा वाटतो एवढंच. मिळालेला दर खाली कामाच्या इतिहासात असतो. प्रत्येक संपलेल्या कामाखाली तासाचा दर, भरलेले तास आणि एकूण रक्कम येते, ठोक रकमेचं काम असेल तर नुसती रक्कम. काही जण कमाई लपवतात, तेव्हा तिथे आकडाच नसतो. अशा प्रोफाइलवर वेळ घालवू नका.

तुमची चौथी ओळ बघू. पाटी 45 डॉलर तासाला. खाली उतरलो तर मुलाखतीच्या पॉडकास्टचं एक काम आहे, शीर्षकातच आठवड्याला एक भाग असं लिहिलेलं: 32 डॉलर तासाला, 61 तास, 1,952 डॉलर. म्हणजे मागतो 45, मिळाले 32. पण घाई करू नका, तारखा बघा. ते काम दोन वर्षांपूर्वी सुरू झालंय. त्याच्या वरचं, या वर्षीचं काम 40 ने झालंय, 18 तास, 720 डॉलर. जुन्या क्लायंटला जुन्या दरात ठेवून नव्यांना दर वाढवत नेणारा माणूस आहे हा. त्याचा आजचा खरा दर 40 धरा.

आता तासाचं भागात रूपांतर कसं करायचं? तारखांवरूनच. ते 61 तासांचं काम साधारण 22 आठवडे चाललं. आठवड्याला एक भाग, म्हणजे 61 भागिले 22, भागाला पावणेतीन तासांच्या आसपास. 40 ने गुणलं तर 111 डॉलर. यात गृहीतक आहे, मधे दोन-चार आठवडे शो बंद असू शकतो, मग तास भागामागे वाढतील. पण आपल्याला पैशापर्यंत अचूक नको आहे. 111 आणि 70 मधला फरक दिसला की काम झालं.

ही मेहनत अकराही जणांसाठी करायची नाही, आधी चाळण लावायची. सातवी ओळ, तासाला 90 वाली: गेल्या दीड वर्षात पॉडकास्टचं एकही काम नाही आणि शेवटचं काम 25 डॉलर ठोक. तो दर नव्हे, ती इच्छा आहे. काढा. दुसरी आणि दहावी: वर्षभरात एकही रिव्ह्यू नाही, दुकान बंद आहे आणि पाटी तेवढी राहिलीय. काढा. आठव्याची कमाई दणदणीत दिसते, पण सगळी गाण्यांच्या मिक्सिंगची. शेजारचं दुकान आहे ते, आपलं नाही. अकरावा महिन्याला चार भागांचे 600 घेतो, पण त्यात भागाची माहिती लिहिणं, सोशल मीडियासाठी छोटे व्हिडिओ, अपलोड करणं, सगळं आलं. त्याला काढून टाकू नका, पण वेगळा ठेवा. सहा महिन्यांनी लागेल.

उरले सहा. नमुना भागाचे त्यांचे आकडे, तुमच्या तक्त्यावरून आणि प्रोफाइलांवरून मी काढलेले, असे येतात: 48, 70, 80, 85, 111, 140. पंधरा ते नव्वदच्या गोंधळातून हे निघालं. आणि मधे एक खिंड आहे बघा, 85 नंतर थेट 111. अशी खिंड दिसली की थांबायचं आणि विचारायचं, अलीकडचे चार आणि पलीकडचे दोन यांच्यात काय वेगळं आहे?

मी आधी रिव्ह्यूंची संख्या बघितली. तिथे उत्तर नव्हतं, 70 वाल्याचे रिव्ह्यू 140 वाल्याच्या तिप्पट आहेत. मग वर्णनं वाचली. सगळेच आवाज साफ करतो, गोंगाट काढतो, लाउडनेस बसवतो असं लिहितात. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे 16 LUFS च्या आसपासच्या लाउडनेस पातळीची आहे, ती अर्ध्या जणांनी मोठ्या दिमाखात लिहिलीय. तुम्हाला माहीतच असेल की हे दोन मिनिटांचं काम आहे, त्याने कुणी 60 डॉलर जास्त देत नाही. फरक रिव्ह्यूंच्या मजकुरात निघाला. स्वस्त चौघांना लोक "लवकर दिलं", "आवाज स्वच्छ" म्हणून धन्यवाद देतात. वरच्या दोघांना म्हणतात, "पाहुणा तीनदा तेच बोलला होता, ते नीट एकत्र केलं", "मला काही सांगावं लागलं नाही." म्हणजे चौघं आवाज दुरुस्त करतात आणि दोघं मुलाखत दुरुस्त करतात. काम एकाच नावाने विकलं जातंय, पण कामं दोन आहेत.

पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू चाळून पुढे जाऊ नका. खरा माल तीन आणि चार ताऱ्यांत असतो, तिथे लोक सभ्यपणे तक्रार करतात. स्वस्त चौघांच्या अशा रिव्ह्यूंत मला एक गोष्ट चार वेळा सापडली: क्लायंटला स्वतः पूर्ण रेकॉर्डिंग ऐकून कुठून कुठपर्यंत कापायचं त्याच्या वेळा लिहून द्याव्या लागल्या. एकाने लिहिलंय की याद्या करण्यात माझाच तास गेला. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावा. बाजारात कशाला पैसे मिळतात हे पाटी सांगते, पण कशाला पैसे देऊनही मिळत नाही हे अशा तक्रारी सांगतात. आणि तुम्ही दोन वर्षं रेडिओत बरोब्बर हेच केलंय. ऐकायचं, काय ठेवायचं ते ठरवायचं आणि वेळेत बसवायचं.

इथे एक आपबीती सांगतो, कारण तुम्ही जो खड्डा खणताय त्यात मी पडून आलोय. मी उपशीर्षकांची कामं सुरू केली तेव्हा एकाचा मिनिटाचा दर बघून त्याच्या थोडा खाली माझा लावला. पहिलं काम 20 मिनिटांच्या फिल्मचं होतं. मला वाटलं दुपारी संपेल. झालं असं की त्या माणसाला वेळा आधीच बसवलेली फाइल मिळायची, त्याने फक्त भाषा भरायची. माझ्याकडे नुसता व्हिडिओ आला. प्रत्येक ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते ते मी बसवत बसलो आणि त्या एका वेळेच्या कामालाच सहा तास गेले. त्याच्या प्रोफाइलवर ते लिहिलेलं होतं हो, दरानंतर दोन ओळी खाली. मी दराशीच थांबलो होतो.

आता तुमचा स्वतःचा तळ काढू. इथे दुसऱ्या कुणाचं प्रोफाइल उपयोगी नाही. तुम्ही लिहिलंय की असा भाग करायला साडेतीन तास लागतात. त्यात फाइल उतरवणं, क्लायंटशी बोलणं, दुरुस्ती आणि परत पाठवणं याचा अर्धा तास धरा, चार झाले. खरं तर पहिल्या दोन भागांना जास्तच लागेल, पण ते सोडून देऊ. तुम्हाला तासाला हातात 18 डॉलर पडले तर परवडतं असंही तुम्ही लिहिलंय. चार तासांचे 72. यावर प्लॅटफॉर्मची कात्री चढवायची. अपवर्कचं शुल्क आता कामागणिक बदलतं, शून्य ते 15 टक्के. 10 टक्के कापले गेले तर 72 हातात यायला 80 मागावे लागतात, 15 टक्के गेले तर जवळजवळ 85. फायव्हरवर 20 टक्के जातात, तिथे हाच भाग 90 ला विकावा लागेल. लोक 72 मध्ये 20 टक्के मिळवून 86 काढतात. तसं करू नका, 72 ला 0.8 ने भागा. 86 ला विकलंत तर हातात 72 नाही, जेमतेम 69 पडतात आणि तो फरक दर भागाला तुमच्याच खिशातून जातो.

म्हणजे 48 वाल्याशी तुमची स्पर्धा नाहीच. तो कदाचित दीड तासात काम उरकत असेल, कदाचित त्याची गरज कमी असेल, कदाचित तोट्यात असेल. कुठलं कारण आहे हे त्याच्या प्रोफाइलवर दिसत नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. तुमचा तळ 85. त्याच्या खाली गेलात तर काम मिळेल आणि चार महिन्यांत तुम्ही सोडून द्याल.

मी तुमच्या जागी असतो तर अपवर्कवर नमुना भागाला 95 लावले असते, तेही खिंडीच्या पलीकडच्या कामाचं नाव घेऊन. 15 टक्के गेले तरी 80 डॉलर 75 सेंट हातात, तासाला 20 च्या वर. वरच्या दोघांकडे जुने समाधानी क्लायंट आहेत, तुमच्याकडे नाहीत, म्हणून 111 च्या थोडं खाली. पण 85 च्या वर, कारण 85 ला जे मिळतं ते तुम्ही विकत नाही आहात. हे बघणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत कळायला हवं, कारण प्रस्तावांच्या यादीत क्लायंटला सुरुवातीचा तेवढाच तुकडा दिसतो. तुमच्या मसुद्यात सुरुवातीला "मी मेहनती आणि अनुभवी ऑडिओ एडिटर आहे" असं आहे. तुमच्या अकरापैकी सात जणांनी हेच लिहिलंय, मोजून बघा. त्याऐवजी असं काही लिहा:

"मुलाखतीचं कच्चं रेकॉर्डिंग पाठवा. काय कापायचं ते मी ठरवतो आणि कापलेल्या जागांची यादी कारणासकट देतो. तुम्हाला पूर्ण ऐकत बसावं लागणार नाही. दोन वर्षं रेडिओवर हेच केलं."

त्याखाली अटी साफ: 60 मिनिटांपर्यंत कच्चं, दोन ट्रॅकपर्यंत, एक दुरुस्ती, तीन दिवस. पुढच्या प्रत्येक 15 मिनिटांचे किती, तेही. अटी न लिहिणारे लोक तक्त्यात स्वस्त दिसतात आणि मग तिसऱ्या दुरुस्तीला रडतात.

रिव्ह्यू शून्य आहेत म्हणून स्वस्तात द्यावं, या विचारातली मेख तुम्ही आत्ताच अनुभवलीय, फक्त दुसऱ्या बाजूने. चौथ्या ओळीतल्या माणसाने दोन वर्षांपूर्वी 32 ने काम केलं, ते तुम्ही आणि मी आज शोधून काढलं. तुम्ही पहिला भाग 40 ला दिलात तर तोही तसाच इतिहासात बसेल आणि पुढच्या वर्षी 110 मागताना समोरचा तिथे बोट ठेवेल. स्वस्त करायचं असेल तर काम लहान करा, दर नको. दोन मिनिटांचं ट्रेलर कापून देतो, 30 डॉलर ठोक. त्याला तास-सव्वा तास लागेल. इतिहासात "ट्रेलर, 30" असं दिसेल आणि त्यावरून कुणी तुमच्या पूर्ण भागाचा दर काढू शकणार नाही. रिव्ह्यू मात्र पूर्ण भागाच्या रिव्ह्यूएवढाच मोठा दिसतो. अशी दोन-तीन कामं पुरेत.

एक उणीव राहते, आणि ती कितीही प्रोफाइलं बघितली तरी भरत नाही. तुम्ही शोधात वर आलेले लोक बघितलेत. ज्यांनी 95 मागितले आणि ज्यांना कुणी विचारलं नाही ते चाळिसाव्या पानावर आहेत किंवा निघून गेलेत. म्हणून एक संध्याकाळ दुसऱ्या बाजूला घालवा. अपवर्कवर पॉडकास्ट एडिटिंगच्या कामाच्या जाहिराती उघडा आणि जाहिरात देणाऱ्याची माहिती बघा: आजवर किती खर्च केला, किती जणांना काम दिलं, तासाला सरासरी किती मोजले. खाली त्याने आधी करून घेतलेली कामं आणि त्यांच्या रकमाही असतात. दहा जाहिराती पुरतील. त्यात पाच-सहा क्लायंट मुलाखतीच्या भागाला 80 च्या वर मोजताना दिसले तर 95 ला जागा आहे. सगळे 30-40 च्या आसपास घुटमळताना दिसले, तर तुमचा नमुना भाग या बाजारातला नाही. मग दर उतरवत बसण्याआधी शोधाचा शब्द बदला: कंपन्यांचे पॉडकास्ट, लेखकांचे, शिकवणी घेणाऱ्यांचे. तोच भाग वेगळ्या गिऱ्हाइकाला वेगळ्या किमतीला जातो.

तक्ता टाकून देऊ नका. त्यात तारखेचा एक रकाना वाढवा आणि सहा महिन्यांनी फक्त उरलेले सहा पुन्हा उघडा. चौथ्या ओळीतल्याची पाटी 45 वरून हललीय का ते आधी बघा. आणि तेव्हा बाजूला ठेवलेल्या अकराव्यालाही एकदा भेट द्या, कारण तोवर तुमचा एखादा क्लायंट नक्की विचारेल की भागाची माहितीपण तुम्हीच लिहून द्याल का.